इंजिन बंद पडले आणि बोट वाहू लागली: तांडेलाचा अहवाल कसा असावा?

नमस्कार मंडळी. डिझेल फिल्टरवरच्या व्हिडिओखाली तुमच्यापैकी अनेकांनी एकच प्रश्न विचारला आहे: भर समुद्रात इंजिन बंद पडले आणि बोट वाहत गेली, तर परत आल्यावर तांडेलाने अहवाल कसा लिहावा? माझे पहिले म्हणणे असे की हा अहवाल परत आल्यावर लिहायचाच नसतो. इंजिन बंद पडते त्याच मिनिटाला तो सुरू होतो. तो साध्या वहीत आणि पेन्सिलने लिहावा, कारण शाई पाण्याने पसरते आणि पेन्सिलीचे अक्षर टिकते. किनाऱ्यावर आल्यानंतर करायचे काम फक्त त्या नोंदी स्वच्छ उतरवून काढण्याचे.

बोटीचे नाव, नोंदणी क्रमांक, बोटीवरील माणसांची संख्या, लाइफ जॅकेट, वाऱ्याची दिशा आणि लाटांची उंची या गोष्टी लिहायच्या असतात हे तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून त्यांवर मी वेळ घालवत नाही.

एका तरुण तांडेलाने मला त्याचा अहवाल वाचायला दिला होता. त्यात एवढेच होते: ‘पहाटे मशीन बंद पडली. बोट वाहत गेली. बऱ्याच वेळाने नांगर धरला. नंतर मशीन चालू झाली.’ यातले एकही वाक्य खोटे नव्हते. पण बोट कोणत्या वेगाने वाहिली, कोणत्या दिशेला वाहिली आणि नांगर टाकायला तो क्षण का निवडला, हे त्यावरून कोणालाही सांगता आले नसते. त्याच्याकडे जीपीएस चालू होता आणि त्याने स्थान वेळोवेळी टिपलेही होते. मात्र एकाही स्थानापुढे वेळ लिहिलेली नव्हती, आणि माझी खरी तक्रार तेवढीच आहे.

वाहत्या बोटीचे स्थान वेळेशिवाय निरुपयोगी असते. हे पटवण्यासाठी मी एक उदाहरण रचले आहे. आकडे सोपे राहावेत म्हणून बोट सरळ दक्षिणेला वाहते असे धरू आणि अक्षांशाचे फक्त मिनिट पाहू. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, अर्थात १.८५२ किलोमीटर, ताशी एक सागरी मैल म्हणजे एक नॉट.

(पडद्यावर वहीचे पान)

०४:१० वाजता इंजिन बंद पडले. अक्षांशाचे मिनिट २४.६, खोली ४५ मीटर. ०५:१० वाजता मिनिट २३.४. म्हणजे एका तासात बोट १.२ मैल वाहिली आणि तिचा वेग १.२ नॉट आहे. दक्षिणेला ६ मैलांवर खडक आहेत. याच वेगाने वाहत राहिल्यास तांडेलाच्या हाती साधारण पाच तास आहेत.

आता समजा, त्याने ०६:२५ वाजता वायरलेसवर मदत मागितली आणि वहीतले पहिले स्थान, म्हणजे २४.६, वेळ न सांगता वाचून दाखवले. मधल्या काळात वाहण्याचा वेग कमी झाला, त्याचे कारण पुढे सांगतो; त्या क्षणी बोट प्रत्यक्षात २२.५ मिनिटांवर आहे. शोधायला निघालेली नौका २.१ मैल, म्हणजे जवळपास चार किलोमीटर उत्तरेला जाऊन शोध सुरू करील. लाटांमध्ये बुटकी लाकडी बोट इतक्या अंतरावरून सहज दिसत नाही. त्याऐवजी त्याने ‘०४:१० वाजताचे स्थान हे, ०५:१० वाजताचे स्थान हे’ असे सांगितले असते, तर ऐकणाऱ्याने बोटीची दिशा आणि वेग स्वतःच काढला असता आणि मधल्या काळात संपर्क तुटला तरी बोट पुढे कोठे सापडेल याचा अंदाज बांधला असता.

एका प्रेक्षकाने लिहिले आहे, ‘दादा, जीपीएसच्या पडद्यावर SOG मध्ये वेग दिसतोच, मग हा हिशेब कशासाठी?’ प्रश्न रास्त आहे. तो आकडा खरा असतो, पण त्या क्षणाचा असतो, आणि लाटेवर डोलणाऱ्या, संथपणे वाहणाऱ्या बोटीवर तो सतत खालीवर होतो. तासाभराच्या दोन स्थानांवरून काढलेला वेग त्यापेक्षा भरवशाचा असतो. त्यालाही मर्यादा आहे: भरती-ओहोटीचा प्रवाह फिरला की दिशा आणि वेग दोन्ही बदलतात. म्हणून ‘पाच तास आहेत’ हे गृहीत धरून निर्धास्त बसू नये; दर अर्ध्या तासाने नवे स्थान वेळेसह लिहावे आणि हिशेब पुन्हा मांडावा.

दुसऱ्या बाजूने पाहा. शोधपथकाचा विचार क्षणभर सोडा. वेळ लिहिण्याचा पहिला फायदा खुद्द तांडेलालाच होतो. अनेकांचा प्रश्न असतो की इंजिन बंद पडताच नांगर का टाकत नाहीत. आपल्या उदाहरणातल्या बोटीवर साखळीसह १५० मीटर दोर आहे. ४५ मीटर खोलीवर तो दोर खोलीच्या साडेतीन पटही भरत नाही. ओढ वरच्या दिशेने लागते आणि नांगर तळात रुतण्याऐवजी उचलला जातो. साधारण पाच ते सात पट दोर सोडता आला, तर ओढ तळाशी समांतर होत जाते आणि नांगर धरतो. म्हणून तांडेलाने ०५:२५ वाजता, मिनिट २३.१ असताना, कापडी शंकूच्या आकाराचा तरंगता नांगर नाळेवरून सोडला. तो तळाला लागत नाही, पाण्याला अडून बोटीला मागे धरतो आणि नाळ लाटांकडे ठेवतो. ०६:२५ वाजता मिनिट २२.५, म्हणजे एका तासात ०.६ मैल. वाहण्याचा वेग निम्मा झाला. वहीत वेळा नसत्या तर तरंगत्या नांगराने काही फरक पडला की नाही, हे त्याला कळलेच नसते.

०६:२५ वाजता खोली २८ मीटर भरली. आता १५० मीटर दोर खोलीच्या पाच पटींहून थोडा अधिक होतो. तरंगता नांगर आत घेऊन ०६:४० वाजता मुख्य नांगर टाकला. नांगराने धरले की नाही, हे ओळखण्याची जुनी पद्धत अशी की ताणलेल्या दोरावर तळहात ठेवावा. नांगर तळावरून घसरत असेल तर दोरातून खरखर आणि मधूनमधून झटके हाताला जाणवतात; धरला असेल तर दोर लाटेबरोबर फक्त ताणतो आणि सैलावतो. पण हाताचा हा निर्णय जीपीएसने पक्का करावा: ०६:५५ वाजताचे स्थान ०६:४० च्या स्थानाशी ताडून पाहावे. बोट नांगराभोवती घेर घेते, त्यामुळे थोडा फरक दिसतो. तो एकाच दिशेने वाढत गेला तर नांगर घसरत आहे असे समजावे.

तिसरी बाजू किनाऱ्यावर उघड होते. बोटीचा मालक, विमा कंपनीचा माणूस किंवा चौकशी करणारा अधिकारी अहवाल वाचतो, तेव्हा त्याच्या मनात एकच प्रश्न असतो: त्या वेळी तांडेलाला काय ठाऊक होते आणि त्याने काय केले? ‘बऱ्याच वेळाने नांगर टाकला’ असे वाचले की तो निष्काळजीपणा वाटतो. ‘०४:१० वाजता खोली ४५ मीटर, दोर अपुरा, ०६:४० वाजता खोली २८ मीटर, नांगर टाकला’ असे वाचले की तीच दिरंगाई विचारपूर्वक घेतलेला निर्णय ठरते.

स्थानाबद्दल आणखी एक गोष्ट सांगतो, कारण टिप्पण्यांमध्ये तुम्ही पाठवलेल्या स्थानांत ही गफलत मला सतत दिसते. पडद्यावर २३.४० दिसत असेल, तर ती २३ मिनिटे ४० सेकंद नव्हेत. ती २३ पूर्णांक ४० शतांश मिनिटे, म्हणजे २३ मिनिटे २४ सेकंद आहेत. उलट समजून सांगितले, तर जवळपास अर्ध्या किलोमीटरचा फरक पडतो. म्हणून वायरलेसवर बोलताना ‘दशांश’ हा शब्द मोठ्याने उच्चारावा आणि अहवालात टिंब ठसठशीत काढावे.

आता इंजिनाच्या नोंदीकडे वळू. येथेही वेळ महत्त्वाची आहे, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे इंजिन कसे बंद पडले. ते धक्का देऊन एकदम थांबले, तर आधी पंख्यात दोर किंवा जाळे अडकल्याचा संशय घ्यावा. गिअर न्यूट्रलला ठेवल्यावर इंजिन चालते आणि गिअर टाकताच बंद पडते, तर तो संशय बळावतो. आपल्या उदाहरणात तसे नाही. इंजिनाचा आवाज मिनिटभर चढत-उतरत राहिला, वेग ढासळला आणि ते विझल्यासारखे थांबले. हे डिझेल नीट न पोहोचल्याचे लक्षण आहे. फिल्टरखालच्या पारदर्शक वाटीत तळाशी स्वच्छ पाण्याचा थर आणि वर डिझेल असे दोन थर दिसले, कारण डिझेल पाण्याहून हलके असते. टाकीच्या तळाशी साचलेले पाणी आणि गाळ शांत समुद्रात पडून राहतात. लाटांनी बोट हलली की ते ढवळून फिल्टरपर्यंत येतात. हे संकट नेमके खवळलेल्या पाण्यात उभे राहते ते त्यामुळे.

वाटीतले पाणी काढून, फिल्टर बदलून भागत नाही, कारण या कामात नळीत हवा शिरते. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारावा, बुडबुडे थांबून सलग डिझेल येऊ लागले की पंप मारता मारताच स्क्रू आवळावा, आणि मग हीच क्रिया इंजेक्शन पंपावर करावी. हवा न काढताच स्टार्टर मारत बसणाऱ्यांचा मला राग येतो. लहान बोटीवर बहुधा एकच बॅटरी असते आणि वायरलेस सेटही तिच्यावरच चालतो. इंजिन चालू होत नाही ते नाहीच, आणि मदत मागण्याचे साधनही गप्प होते. स्टार्टर एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये, मध्ये विश्रांती द्यावी, आणि प्रत्येक प्रयत्न वेळेसह वहीत लिहावा.

मदत कधी मागायची, याबद्दल टिप्पण्यांमध्ये वाद चालू आहे. बोट वाहत आहे, पण जीवाला तत्काळ धोका नाही, अशा वेळी चॅनल १६ वर ‘पॅन पॅन’ हा संकेत तीन वेळा उच्चारून परिस्थिती सांगावी. आपल्या उदाहरणातला तांडेल हे ०५:१५ वाजता करतो, म्हणजे वाहण्याचा वेग कळल्याबरोबर, खडक जवळ येण्याची वाट न पाहता. नांगर घसरू लागला आणि खडक समोर आले, तर मात्र ‘मेडे’ द्यावा लागतो. दोन्ही संदेशांची वेळ अहवालात असावी आणि उत्तर कोणी, किती वाजता दिले तेही असावे.

या बोटीचे इंजिन ०७:५० वाजता चालू झाले. तांडेलाने लगेच नांगर उचलला नाही. नांगर धरलेला असतानाच त्याने अर्धा तास इंजिन चालू ठेवले आणि मधूनमधून गिअर टाकून त्यावर भार दिला, कारण नळीत उरलेली हवा किंवा टाकीतले आणखी पाणी बहुतेकदा याच वेळी पुन्हा इंजिन बंद पाडते. ०८:२५ वाजता नांगर उचलला, केंद्राला तसे कळवले आणि वाटीतून काढलेले पाणी एका बाटलीत भरून बूच घट्ट लावले. बाटलीवर चिठ्ठी आहे: तारीख, ‘टाकी ते इंजिन, पहिला फिल्टर’ आणि ते पाणी काढल्याची वेळ.