गोडी मोजता येते, हे कळणार कसं?

नमस्कार, श्रोतेहो. द्राक्षाचा हंगाम जवळ आला की पिंपळगाव, दिंडोरी, निफाड या भागातल्या पॅकहाऊसमध्ये नवी मुलं-मुली कामाला येतात. त्यांच्यासाठी मी 3 दिवसांचा वर्ग घेतो. पहिल्या वर्षी मी कागदावर ऐटीत उद्दिष्ट लिहिलं होतं, ‘प्रशिक्षणार्थींना द्राक्षाची गोडी मोजण्याची माहिती होईल.’ शेवटच्या दिवशी विचारलं, ‘समजलं ना?’ सगळे म्हणाले, ‘हो सर.’ दुसऱ्या दिवशी कामावर एकाच घडाची गोडी एकीनं 16 सांगितली, दुसरीनं साडेअठरा. सुपरवायझर माझ्याकडे बघायला लागला.

चूक मुलींची नव्हती. ‘माहिती होईल’ हे क्रियापद डोळ्यांना दिसत नाही. ‘समजेल’, ‘जाणीव होईल’, ‘परिचय होईल’ ही त्याचीच भावंडं. माणूस मान डोलावतो आणि आपण खूण करून मोकळे होतो.

मग मी ते वाक्य पुन्हा लिहिलं. त्यातला रिफ्रॅक्टोमीटर म्हणजे रसाच्या थेंबावरून गोडी मोजायचं उपकरण, आणि ब्रिक्स म्हणजे त्यावर अंशांत दिसणारा गोडीचा आकडा. ‘रिफ्रॅक्टोमीटर, डिस्टिल्ड वॉटर आणि 5 घड दिल्यावर प्रशिक्षणार्थी आधी शून्य जुळवेल, मग प्रत्येक घडाचा ब्रिक्स मोजून वहीत नोंदवेल. 5 पैकी किमान 4 घडांत त्याचा आकडा प्रशिक्षकाच्या आकड्यापासून अर्ध्या अंशाहून जास्त दूर नसेल.’ वाक्य लांबलं, कबूल. पण यात तीन गोष्टी आल्या: हातात काय दिलंय, माणूस काय करताना दिसेल, आणि किती जमलं की चालेल. हा अर्धा अंश मी मनानं ठरवला नाही. किती फरक पडला तर माल अडतो, हे सुपरवायझरला विचारलं. हा आकडा कामाच्या जागेवरूनच आणावा. नाहीतर आपण सवयीनं ‘100 टक्के अचूक’ लिहितो आणि तपासताना स्वतःच डोळेझाक करतो.

आता विचारांच्या पातळ्यांकडे येऊ. बेंजामिन ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1956 साली ही उतरंड मांडली, 2001 साली ती सुधारली गेली. आठवणं, समजणं, वापरणं, विश्लेषण करणं, मूल्यमापन करणं, निर्माण करणं अशा सहा पायऱ्या. 3 दिवसांच्या वर्गात सहाही चढायचा हट्ट मी करत नाही. गोडी मोजण्यासाठी मला तीन पुरल्या.

शून्य का जुळवायचा, ते स्वतःच्या शब्दांत सांगेल, ही समजण्याची पायरी. मघाचं मोजण्याचं वाक्य वापरण्याचं. तिसरी, विश्लेषणाची पायरी मला सगळ्यात मोलाची वाटते: ‘एकाच घडाचे दोन वेगळे आकडे आले, तर कारण शोधून दाखवेल.’ कारणं ठरलेलीच असतात. काच नीट पुसली नाही आणि आधीच्या घडाचा रस राहिला. शून्य जुळवलाच नाही. किंवा एकीनं खांद्याकडचे मणी घेतले आणि दुसरीनं टोकाचे. टोकाचे मणी सहसा कमी गोड असतात, म्हणून वरचे, मधले, खालचे मणी एकत्र चुरडून त्या रसाचा थेंब टाकायचा. आमच्या त्या 16 आणि साडेअठराचं गुपित इथेच निघालं.

कुठल्या पायरीला कुठलं क्रियापद, अशी यादी हाताशी असली की सगळं झालं, असं मात्र समजू नका. त्या यादीनं मलाही एकदा फसवलं. ‘खराब मणी ओळखेल’ असं उद्दिष्ट होतं. वर्गात भुरी रोग लागलेल्या मण्यांचे, उन्हाने भाजलेल्या मण्यांचे फोटो दाखवले, परीक्षेत तेच फोटो ठेवले. सगळे पास! अहो, ती तर आठवणीची परीक्षा झाली. क्रेटमधला अनोळखी घड समोर ठेवला, डाग भुरीचा की उन्हाचा हे कशावरून, असं विचारलं, तेव्हा तेच ‘ओळखेल’ विश्लेषणाच्या पायरीवर गेलं. पायरी नुसत्या क्रियापदावर ठरत नाही, समोर काय ठेवलंय त्यावरही ठरते.

एका वाक्यात तीन कामं कोंबायचंही मी सोडलं. ‘ओळखून, छाटून, पॅक करेल’ यात मुलगी नापास झाली, तर नेमकी कुठे अडली? कात्रीनं खराब मणी काढताना शेजारचा चांगला मणी दुखावला, की पनेटचं, म्हणजे द्राक्षं भरायच्या छोट्या डबीचं, वजन चुकलं? काम वेगळं, तर उद्दिष्टही वेगळं.

यंदा तिसऱ्या दिवशी दुपारी कोरा पेपर वाटलाच नाही. टेबलावर 5 घड, चिठ्ठ्यांवर नंबर, एक रिफ्रॅक्टोमीटर. एका मुलीनं पहिला घड मोजला, आकडा वहीत लिहिला, क्षणभर थबकली. मग आकडा खोडला, काच पुसली, पाण्याचा थेंब टाकला, स्क्रू फिरवून शून्य जुळवला आणि नव्यानं सुरुवात केली. मी माझ्या तक्त्यात ‘कारण शोधून दाखवेल’ यापुढे खूण केली. प्रश्न तर मी अजून विचारलाही नव्हता.