आजचा नफा हिरवा, एकूण नफा लाल

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या श्रोत्यांनो, नमस्कार. मोबाइलवर शेअर घेणाऱ्यांना एक गोष्ट नेहमी कोड्यात टाकते. होल्डिंगच्या, म्हणजे हातातल्या शेअरांच्या, पानावर 'आजचा नफा' हिरवा असतो आणि 'एकूण नफा' लाल. यातलं खरं कोणतं? दोन्ही खरी. कागद-पेन जवळ असेल तर आकडे मांडत चला.

समजा, तुम्ही एका कंपनीचे १०० शेअर २०० रुपयांनी घेतले, काही महिन्यांनी आणखी ५० शेअर २६० रुपयांनी. एकूण गुंतले ३३ हजार रुपये. भागिले १५०, म्हणजे सरासरी खरेदी किंमत २२० रुपये. काल बाजार बंद झाला तेव्हा भाव २१६ होता. आज शेवटचा व्यवहार २१८ ला झाला, हाच तो 'एलटीपी'. कालच्यापेक्षा भाव दोन रुपये वर, म्हणून आजचा नफा ३०० रुपये, हिरवा. पण सरासरीपेक्षा तो दोन रुपये खालीच आहे, म्हणून एकूण तोटा ३०० रुपये, लाल. आपल्याकडे भाव वाढेल म्हणून कापूस घरात ठेवतात ना? कालच्यापेक्षा आज भाव चढला, तरी लागवडीचा खर्च निघालाय की नाही हा हिशेब वेगळाच राहतो.

आता खरी अडचण. तुम्ही त्याच भावाला १०० शेअर विकले. उरले ५०. पानावर पाहता तर सरासरी २२० ची थेट २६० झालेली आणि तोटा ३०० चा २१०० वर गेलेला! अ‍ॅप बिघडलं की काय, असं वाटतं. ते बिघडलेलं नसतं. डिमॅटमधून विकताना जे शेअर आधी आले ते आधी गेले असं धरतात, आयकराचाही नियम हाच. म्हणजे २०० वाले १०० गेले आणि मागे राहिले ते २६० वाले महागडे. त्यांच्यावर शेअरमागे ४२ रुपये तोटा, गुणिले ५०, झाले २१००.

मग गेलेल्या शंभरांचं काय? त्यांवर शेअरमागे १८ प्रमाणे १८०० रुपये नफा पदरात पडला. होल्डिंगच्या पानावर मात्र तो दिसत नाही, कारण तिथे फक्त हातात असलेल्या शेअरांचा हिशेब असतो. तो नफा-तोट्याच्या अहवालात पाहावा लागतो. १८०० मधून २१०० वजा करा, पुन्हा तोच ३०० चा तोटा. विकल्याने तुमचं काही जास्त बुडालेलं नाही. दलाली आणि कर तेवढे वेगळे.

काही ब्रोकर मात्र पडद्यावर साधी सरासरीच ठेवतात, तिथे विक्रीनंतरही २२० च दिसेल. तुमचा ब्रोकर काय करतो हे पाहायला सोपी खूण आहे: थोडे शेअर विकल्यावर सरासरी हलली की तशीच राहिली, ते बघा. आणि एका ब्रोकरकडून दुसरीकडे शेअर हलवले असतील, तर तिथे सरासरी रिकामी किंवा शून्य दिसू शकते. अशा वेळी एकूण नफ्याचा आकडा अजिबात धरू नका. खरेदीच्या वेळी ब्रोकरने पाठवलेल्या जुन्या कॉन्ट्रॅक्ट नोट काढून खरेदीची तारीख आणि भाव स्वतः भरा.