आईच्या कार्डावरच्या बत्तीस अक्षरी चार ओळी

नमस्कार, श्रोतेहो.

मे महिन्याचा दुसरा रविवार, म्हणजे मातृदिन, जवळ आला की दुकानात आईसाठीची कार्डं लागतात. कुठलंही उघडा. तू झिजलीस, तू जागलीस, तू राबलीस, तू अर्धपोटी राहिलीस. खोटं काहीच नाही त्यात. पण ही क्रियापदं जरा नीट ऐका. आई झिजली कोणासाठी? माझ्यासाठी. जागली कोणासाठी? माझ्या तापासाठी. म्हणजे कार्ड आईचं आणि मधोमध बसलोय आपणच!

ज्या ॲना जार्विसबाईंनी 1908 मध्ये अमेरिकेतल्या ग्राफ्टन गावी हा दिवस साजरा करायला सुरुवात केली, त्यांच्या मनात प्रत्येकाने आपापल्या आईची आठवण काढावी असं होतं. पुढे छापील कार्डांचा सुळसुळाट झाला तेव्हा त्या भयंकर चिडल्या. आईला चार ओळी लिहिण्याचाही कंटाळा, असं त्यांचं म्हणणं. तर आज आपण त्या चार ओळी लिहून बघू.

त्यासाठी अष्टाक्षरी छंद घ्या. एका ओळीत आठ अक्षरं, अशा चार ओळी, आणि दुसऱ्या-चौथ्या ओळीचं यमक जुळवायचं. जोडाक्षर एकच धरायचं. लघु-गुरूची भानगड नाही. बोटांवर मोजता येतं.

आता विषय. आईची अशी एखादी गोष्ट शोधा, जिचा फायदा तुम्हाला काडीचाही नाही. ती कशावर हसते, कशावरून वाद घालते, कुठल्या बाबतीत स्वतःला तज्ज्ञ समजते. समजा, तुमची आई फोनवर ‘ठेवते गं आता’ म्हणते आणि ठेवत मात्र नाही. पहिला खर्डा बहुधा असा होईल:

‘ठेवते गं फोन आता’
दहा वेळा म्हणतेस,
अकराव्या निरोपाला
नवी गोष्ट काढतेस.

अक्षरं बरोबर आहेत, प्रसंगही ओळखीचा आहे. तरी ओळी मिळमिळीत वाटतात. कारणं दोन आहेत. एक म्हणजे यमक: म्हणतेस, काढतेस. क्रियापदाची शेपटी जुळली एवढंच. असं यमक कशालाही लागतं, त्यामुळे कानाला काही नवीन मिळत नाही. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. ‘नवी गोष्ट’ म्हणजे कुठली? ती तर कोणाचीही आई काढेल. तुमची आई त्या अकराव्या वेळी काय सांगते ते आठवा. आठवलं? मग आता ऐका:

‘ठेवते गं फोन आता’
दहादा म्हणून झाले;
तेव्हा कुठे लग्नातले
खरे भांडण निघाले!

‘झाले’ला ‘निघाले’ जुळलं. तेही क्रियापदच आहे म्हणा, पण इथे यमकावर बातमी येऊन आदळते, म्हणून खपून जातं. आणि कार्ड वाचताना आईला नेमकं कुठलं लग्न ते कळतं, शेजारणीला कळत नाही. मुलाने लिहायचं असेल तर ‘गं’च्या जागी ‘रे’ घाला, अक्षरं आठच राहतात.

एक सावधगिरी. ओळ ‘आई’वर संपवू नका. यमकाला लगेच पुण्याई, नवलाई, अंगाई रांगेत येऊन उभ्या राहतात आणि तुम्ही परत त्या दुकानातल्या कार्डावर पोचता. ‘आई’ हा शब्द पाकिटावर लिहा, कवितेत नसला तरी चालतो.

दुसरी अडचण थट्टेची. थट्टा टोमणा होतेय का हे ओळखायचं कसं? आईला त्या गोष्टीचा अभिमान आहे की संकोच, ते बघा. तिचं गुडघ्याचं दुखणं, वाढलेलं वजन, मोबाइलवर चुकून दाबलेली बटणं, यावर लिहिलंत तर ती हसेल, पण कार्ड कपाटात जाईल. फोनवर रंगून बोलण्याचा तिला संकोच नाही. शब्दकोड्यातल्या हुशारीचा तर नाहीच नाही. रोज सकाळी चहाबरोबर पेपर ओढून घेणाऱ्या, आणि हातात पेन्सिल नव्हे तर बॉलपेन धरणाऱ्या आया मी पाहिल्यात. अशा आईला तिच्याच थाटात लिहायचं:

शब्दकोडे पेनानेच,
पेन्सिल का हवी तुला?
उभे चार अडले की
संपादकच चुकला!

यात तिने तुमच्यासाठी काहीही केलेलं नाही. ती आपल्या खुर्चीत बसून संपादकाशी भांडतेय. खाली ‘तुझीच लाडकी’ वगैरे लिहायची गरज नाही, नुसती सही पुरे. आणि कार्डात जागा उरली, तर त्या दिवशीच्या कोड्यातला न सुटलेला एखादा आडवा शब्द विचारून ठेवा. उत्तर द्यायला तिचा फोन येईलच, तेव्हा हाताशी वेळ ठेवा. नमस्कार.