झोपेतच नळी जास्त लागते

श्रोतेहो, नमस्कार. आज अपुऱ्या दिवसांच्या बाळांबद्दल बोलायचंय, पण सगळ्याच नाही. काही बाळं काचेच्या पेटीतून बाहेर येतात, दूध ओढायला लागतात, वजन दोन किलोच्या पुढं जातं, आणि तरीही ऑक्सिजनची बारीक नळी नाकाला लावूनच घरी येतात. त्या बाळांबद्दल.

या आजाराचं नाव ब्रॉन्कोपल्मनरी डिस्प्लेझिया. तुमच्या कार्डावर बीपीडी अशी तीन अक्षरं असतील. सत्ताविसाव्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाच्या फुफ्फुसात श्वासनळ्यांच्या फांद्या सगळ्या फुटलेल्या असतात, पण त्यांच्या टोकाचे हवेचे फुगे अजून तयार झालेले नसतात. असतात त्या नुसत्या जाड भिंतींच्या पिशव्या. त्यातच व्हेंटिलेटरचा दाब, जादा ऑक्सिजन, एखादा जंतुसंसर्ग, यांचा मार बसतो आणि फुगे तयार व्हायचं काम रेंगाळतं. जन्मानंतर 28 दिवस ऑक्सिजन लागला आणि छत्तिसाव्या आठवड्याच्या हिशोबालाही लागतच असला, तर आजार बऱ्यापैकी आहे असं आम्ही धरतो. आठवडे मोजायचे ते आईच्या शेवटच्या पाळीपासून, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

आता खानापूर तालुक्यातल्या एका घराची गोष्ट सांगते. ही मी नेहमी सांगते, कारण घरच्या ऑक्सिजनबद्दल जे सांगायचं ते बहुतेक सगळं हिच्यात आहे.

बाळ सत्ताविसाव्या आठवड्याचं, जन्माचं वजन 900 ग्रॅम. बारा आठवडे दवाखान्यात राहून घरी गेलं तेव्हा वजन 2 किलो 200. मिनिटाला पाव लिटर ऑक्सिजन, चोवीस तास. घरी कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे खोलीतल्या हवेतला नायट्रोजन अडवून ऑक्सिजन पुढं सोडणारं, विजेवर चालणारं मशीन. पाऊस लागला की त्या भागात वीज जाते, म्हणून जोडीला एक बी टाइप सिलिंडर. तो भरलेला असला की साधारण 1500 लिटर. पाव लिटरनं तासाला पंधरा लिटर जातात, म्हणजे हिशोबानं शंभर तास. गळती आणि अर्धवट भरणं धरून आम्ही घरच्यांना तीनच दिवस सांगतो, आणि काटा निम्म्यावर आला की दुसरा मागवा म्हणतो.

पहिल्या दोन आठवड्यांत वजन 190 आणि 180 ग्रॅम वाढलं. दिवसाला 20 ते 30 ग्रॅम वाढ आम्हाला हवी असते, तेव्हा हे छानच. पुढच्या आठवड्यात 70 ग्रॅम, त्याच्या पुढच्या आठवड्यात 40. आईचं दूध तेवढंच, वाटीचमच्यानं वरून द्यायचं दूध तेवढंच. ताप नाही, खोकला नाही. लघवी तपासली, रक्त तपासलं, काही सापडेना. बाळ तर गुलाबी, टुकुटुकू बघतंय. आई म्हणाली, नळी कायम असते. ती खोटं बोलत नव्हती. दिवसभर बाळ तिच्याजवळ, आणि तिनं बघितलं तेव्हा नळी लावलेलीच होती. रात्री आणि दुपारी ती दमून झोपायची, तेव्हा बाळ आजीजवळ.

कॉन्सन्ट्रेटरला तासांचा आकडा दाखवणारा मीटर असतो, गाडीच्या किलोमीटरसारखा. बाळाच्या वडलांनी मागच्या खेपेला मशीनचा फोटो काढला होता, तो मोबाइलमध्ये सापडला. घरी फोन लावून आजचा आकडा विचारला. चौदा दिवसांत 336 तास व्हायला हवे होते, झाले होते 130. वीज गेलेले तास वजा केले तरी मेळ बसेना. दिवसाला जेमतेम नऊ-साडेनऊ तास मशीन चालत होतं.

पुढच्या खेपेला आजी स्वतः आली. तिला कुणी रागावलं नाही, नुसतं विचारलं. ती म्हणाली, “झोपलेल्या लेकराच्या गळ्याशी नळी कशी ठेवू, तुम्हीच सांगा की. मला भ्या वाटतंय. जागं झालं की लावते की मी.” बाळ झोपलं की ती नळी काढायची, मशीन बंद करायची आणि स्वतः शेजारी जागत बसायची. तिच्या हिशोबानं जागं बाळ हातपाय हलवतं, त्याला हवा जास्त लागणार, आणि झोपलेल्याला कमी. एवढी काळजी, एवढं जागरण, आणि सगळं नेमकं उलट.

उलट का, ते ऐका. झोपेत श्वास उथळ होतो. स्वप्नं पडतात त्या झोपेत छातीचे स्नायू ढिले पडतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या बरगड्या मऊ, त्यामुळं छाती आत ओढली जाते आणि फुफ्फुसात शिल्लक राहणारी हवा कमी होते. ज्याच्याकडं मुळात फुगे कमी, त्याचा ऑक्सिजन लगेच खाली येतो. पुन्हा सांगते, झोपेत ऑक्सिजन कमी लागत नाही. बीपीडीच्या बाळाला झोपेत आणि दूध पिताना जास्त लागतो.

हे आजीला डोळ्यांनी दाखवलं. पायाच्या पंजाला ऑक्सिमीटरची पट्टी लावली आणि थोडा वेळ नळी काढली. मांडीवर जागं असताना आकडा 95. दूध प्यायला लागल्यावर 90. पिऊन झोपलं, पंधरा मिनिटं गेली, आणि आकडा 86 वर येऊन थांबला. बाळ तसंच गुलाबी. नळी लावली, पाव लिटर सोडलं, दोन-तीन मिनिटांत 94. आजी आकड्याकडं बघायची, मग बाळाच्या ओठांकडं.

ओठ निळे का दिसले नाहीत? रक्तात ऑक्सिजनविना असलेलं हिमोग्लोबिन बऱ्यापैकी साठल्याशिवाय निळेपणा डोळ्यांना दिसत नाही. या बाळांचं रक्त बहुतेक वेळा कमी असतं, म्हणजे निळं पडायला हिमोग्लोबिनच पुरेसं नसतं. सावळी कातडी आणि खोलीतला मंद दिवा असला तर आणखीच कठीण. म्हणून दुसऱ्यांदा सांगते, बाळ गुलाबी दिसतं म्हणून ऑक्सिजन पुरतोय असं समजू नका. आकडा बघा आणि वजन बघा. आकडा साधारण 92 च्या खाली राहायला नको.

कमी ऑक्सिजनवर झोपलेलं बाळ श्वासासाठीच राबत राहतं, दुधातली ताकद तिथंच संपते, वजन थांबतं. शिवाय ऑक्सिजन कमी झाला की फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्या आखडतात आणि हृदयाच्या उजव्या बाजूवर भार येतो. या बाळाचा इको करून घेतला, हृदय ठीक होतं. वेळेवर कळलं.

गळ्याच्या भीतीवर उपाय सोपा आहे. नळी गालांना चिकटवायची, कानांमागून पाठीकडं घ्यायची, झबल्याच्या आतून पाठीवरून खाली न्यायची आणि पायाशी बाहेर काढायची. मग गळ्याशी लोंबतं काही राहत नाही. हे दवाखान्यातून घरी पाठवतानाच करून दाखवायला हवं होतं, आणि आजीला दाखवायला हवं होतं. माझं ठाम मत आहे, कुणाला पटो न पटो: आपल्याकडं बाळ रात्री ज्या बाईजवळ झोपतं तिला शिकवल्याशिवाय बाळाला घरी सोडूच नये. सह्या वडलांच्या, सूचना आईला, आणि बाळ आजीच्या कुशीत. वर कार्ड इंग्रजीत. बेळगाव, खानापूर, निपाणीच्या बाईला मराठी वाचता येत असेल तर मराठीत लिहून द्या, कन्नड येत असेल तर कन्नडमध्ये. त्यात वादाचं काय आहे? असो.

पुढच्या आठवड्यात वजन 150 ग्रॅम वाढलं, त्याच्या पुढच्यात 200.

नळी सुटली तीही याच क्रमानं, म्हणजे झोपेतली सगळ्यात शेवटी. वजन नीट वाढतंय असं काही आठवडे बघून पाव लिटरचा प्रवाह निम्मा केला. मग जागं असताना तासभर बंद, मग दोन तास, मग दिवसभर. रात्रीची नळी राहिली. शेवटी रात्रभर ऑक्सिमीटर लावून नोंद घेतली, आकडा टिकला, तेव्हा अकराव्या महिन्यात नळी काढली. मशीन मात्र तो पावसाळा संपेपर्यंत परत करू दिलं नाही, कारण साध्या सर्दीनंही या बाळांना पुन्हा ऑक्सिजन लागू शकतो.

एक गोष्ट घाईनं, पण कान देऊन ऐका. आपल्याकडं बाळ-बाळंतिणीला शेक-शेगडी करतात, ओवा, बाळंतशोपा, वावडिंगाची धुरी देतात. या घरात ती नको. ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत शेगडी, समई, उदबत्ती, बिडी, काहीही पेटतं नको, कारण आग भडकते. नाकाशी खोबरेल किंवा व्हॅसलीन लावू नका. आणि आगीचा प्रश्न नसता तरी धूर या फुफ्फुसाला विषच. उसाचा पाला शेतातच पेटवतात, गुऱ्हाळाचा धूर गावभर पसरतो, त्यालाही मी आयुष्यभर विरोध करत आले आहे. पाला कुजवा, जमिनीला सोनं होईल. पण तो विषय शेतीच्या कार्यक्रमाचा.

आता हे बाळ मोठं झाल्यावर काय? फुफ्फुसाचे फुगे जन्मानंतरही वाढतात. पूर्ण दिवसांच्या बाळाला काही कोटी असतात, मोठ्या माणसाला तीस ते पन्नास कोटी. पहिल्या दोन-तीन वर्षांत भराभर वाढतात, पुढं हळू, आणि अलीकडच्या अभ्यासांवरून ही वाढ मोठ्या वयापर्यंत, अगदी कुमारवयातही चालू राहत असावी असं दिसतं. म्हणून त्या 40 ग्रॅमच्या आठवड्यानं मला एवढी काळजी वाटली. अंग वाढलं तर फुफ्फुस वाढतं.

पण श्वासनळ्यांच्या फांद्या नव्यानं फुटत नाहीत, आहेत त्याच रुंद होतात. बीपीडीच्या मुलांत त्या अरुंद राहू शकतात. त्यामुळं शाळेत जायच्या वयात मूल धावल्यावर लवकर दमतं, पावसाळ्यात छाती वाजते. सगळे दमा म्हणतात. दम्यासारखं दिसतं खरं, पण आतली सूज नेहमी तशी नसते, म्हणून दम्याचा पंप कुणाला लागू पडतो, कुणाला नाही. पाच-सहा वर्षांचं मूल फुंकर मारण्याची स्पायरोमेट्री करू शकतं. पंपाआधी एकदा आणि नंतर एकदा फुंकायला लावलं की पंप कामाचा आहे का ते कळतं. उपयोग होत नसेल तर वर्षानुवर्षं पंप चालू ठेवू नये.

खानापूरचा तो मुलगा आता आठ वर्षांचा आहे. कबड्डी खेळतो, मध्येच थांबून श्वास घेतो, परत जातो. त्याची फुंकर वयाच्या मानानं थोडी कमी येते आणि पंपानं फारशी बदलत नाही, म्हणून पंप दिलेला नाही. फ्लूची लस दरवर्षी देतो. फुफ्फुसाची ताकद विशी-पंचविशीपर्यंत चढते आणि मग हळूहळू उतरते. ज्याची चढण मुळात बुटकी, त्याला उतारावरचा त्रास लवकर जाणवतो. निपाणीच्या बाजूला पोरांच्या हातात तंबाखू लवकर येते, तेव्हा बिडी-सिगारेट या मुलांनी एकदाही ओढू नये, आणि घरातल्यांनी त्यांच्याजवळ ओढू नये.

आणि ते दवाखान्याचं कार्ड जपून ठेवा. किती आठवड्यांचा जन्म, किती दिवस ऑक्सिजन, हे त्याच्यावर असतं. मूल पंधरा वर्षांचं झालं तरी छातीसाठी नव्या डॉक्टरकडं गेलात, तर आधी ते कार्ड टेबलावर ठेवा.

नमस्कार.