दम फिल बोल: अरबी शब्द आणि मराठी कान

[दृश्य: नागपूर, सदर. दुपारची वर्दळ. कॅमेरा एका जुन्या इमारतीचा जिना चढतो.]

निवेदन:
सदरमधल्या या खोलीत आठ-दहा नर्स अरबी शिकतायत. कुणाला सौदीला जायचंय, कुणाला कुवेतला. नोकरीची कागदपत्रं आणि मुलाखत इंग्रजीत उरकते, पण खाटेवर झोपलेली म्हातारी आपलं दुखणं अरबीतच सांगणार. म्हणून इथे क्रियापदांच्या आधी शरीराचे शब्द येतात. शिकवणाऱ्या बाईंनी स्वतः रियाधच्या वॉर्डात काम केलंय. सगळ्याजणी त्यांना सिस्टरच म्हणतात.

आज सराव असा आहे: सिस्टर पेशंट होणार, पेशंट काय म्हणाला ते मुलींनी कागदावर लिहायचं. सिस्टरनी कपाळाला आठ्या घातल्या आणि हळू आवाजात म्हटलं, "दम फिल बोल."

पहिल्या बाकावरच्या मुलीने क्षणात लिहिलं: बोलताना दम लागतो.

[दृश्य: वहीचं पान, जवळून.]

निवेदन:
तिला हे वाक्य म्हणजे लघवीत रक्त जातंय असं कळायला हवं होतं.

तुकडे करून बघू. 'दम' म्हणजे रक्त. 'फी' म्हणजे मध्ये, पुढे 'अल' आला की दोन्ही मिळून 'फिल' होतं. 'बोल' म्हणजे लघवी. पुस्तकी अरबीत तो शब्द 'बौल' असा आहे, आखाती देशांत बोलताना त्याचा 'बोल' होतो. तीन शब्दांचं वाक्य, आणि त्यातले दोन शब्द मराठी कानाला इतके ओळखीचे की परका शब्द ऐकतोय ही शंकाच येत नाही. द, म, ब, ल हे सगळे उच्चार मराठीसारखेच. मग कान म्हणतो, दम म्हणजे दम, बोल म्हणजे बोलणं. आणि मधल्या 'फिल'कडे कुणी लक्ष देत नाही.

वॉर्डात या दोन अर्थांचे रस्ते वेगळे होतात. दम लागतोय म्हटलं की नर्स बोटाला ऑक्सिमीटर लावते, डोकं उंच करते, श्वास मोजते. लघवीत रक्त म्हटलं की नमुना घेते, रंग बघते, कधीपासून आणि किती ते विचारते, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का ते बघते. चुकीच्या रस्त्याने गेलेली नर्स कामात कुठेच हलगर्जी नसते. ती सगळं व्यवस्थित करते, फक्त दुसऱ्याच दुखण्याचं.

[दृश्य: फळा. सिस्टर 'बत्न' लिहितात.]

निवेदन:
गंमत म्हणजे सिस्टर स्वतःच शब्द जोडायला शिकवतात. अरबीत पोटाला 'बत्न' म्हणतात. त्यांनी मुलींना सांगितलं, शर्टाचं बटण आठवा. जेवून जेवून पोट इतकं फुगलंय की बटण तट्कन तुटून समोरच्या डॉक्टरच्या चष्म्यावर आदळलंय. मुली हसल्या, आणि दुसऱ्या दिवशी एकीलाही 'बत्न' विचारावं लागलं नाही.

या पद्धतीचा रीतसर अभ्यास झालेला आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या रिचर्ड अॅटकिन्सन आणि मायकेल रॉ यांनी 1975 साली इंग्रजीभाषक विद्यार्थ्यांना 120 रशियन शब्द शिकवले. निम्म्यांना सारख्या आवाजाचा इंग्रजी शब्द आणि एक चित्र वापरायला सांगितलं, बाकीच्यांनी आपापल्या पद्धतीने पाठ केलं. चित्रवाल्यांना 72 टक्के शब्द आले, दुसऱ्यांना 46 टक्के. सहा आठवड्यांनी मात्र तेच आकडे 43 आणि 28 वर आले. म्हणजे चित्राचा फायदा टिकला, पण विसरणं दोघांनाही चुकलं नाही. उजळणी करावीच लागते.

मग बटण चालतं आणि दम का चालत नाही? दोन्ही जोड्या अपघातानेच जुळलेल्या आहेत. मराठीतला 'दम' श्वास या अर्थाने फारसीतून आला, अरबीतला 'दम' रक्ताचा, आणि दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. फरक वेगळ्याच जागी आहे. पोट दुखत असलेला पेशंट बटणाबद्दल बोलेल, असं नर्सला कधी वाटणार नाही. बटण डोक्यात आलं तरी ते तिथे शोभत नाही, म्हणून मन एक पाऊल पुढे जातं आणि पोटाशी पोचतं. दम लागणं मात्र वॉर्डात रोजचंच. तो अर्थ तिथे इतका फिट बसतो की मन तिथेच थांबतं, पुढचं पाऊल टाकतच नाही.

ही गोष्ट मला या सगळ्या अभ्यासातली सगळ्यात कामाची वाटते. आठवण्यासाठी निवडलेला मराठी शब्द कामाच्या जागेपासून जितका लांबचा, तितका तो सुरक्षित. विचित्र चित्र नुसतं लक्षात राहतं असं नाही, ते चुकीच्या जागी थांबूही देत नाही.

[दृश्य: मुली आपसात बोलतायत.]

निवेदन:
म्हणून रक्तासाठी नवी जोडी शोधली गेली. एकीने सुचवलं, "सिस्टर, दम बिर्याणी घेऊ नं!" दुसरी म्हणाली, "काहून, जेवणाचा डबा तर वॉर्डातच येते, पेशंट खाण्याबद्दल बोलू शकते नं." मुद्दा बरोबर होता. शेवटी 'दमडी' ठरली: टाक्यांतून टपटप रक्त पडतंय, आणि प्रत्येक थेंबाची जमिनीवर एक लाल दमडी होतेय. दमडीविषयी आज कुठलाच पेशंट बोलत नाही. 'बोल'साठी मुलींनी मुंबईचा, भिंतीवर 'येथे लघवी करू नये' लिहिलेला बोळ घेतला. बोळ आणि बोल यांत ळ-लचा फरक आहे, तो सिस्टरनी मुद्दाम तीनदा म्हणवून घेतला.

आता दुसरा धोका. तो जास्त फसवा आहे, कारण त्यात नातं खरं असतं.

मराठीत अरबी मुळाचे शब्द शेकड्यांनी आहेत: हिशेब, वकील, खबर, इलाज. ते बहुतेक फारसीच्या वाटेने, दरबारातून आणि कचेरीतून आले. मोल्सवर्थच्या 1857 च्या मराठी शब्दकोशात अशा शब्दांपुढे कोणत्या भाषेतून आला त्याची खूण असते, त्यामुळे नातं तपासणं अवघड नाही. अवघड हे आहे की शेकडो वर्षांत दोन्हीकडचे अर्थ वेगवेगळ्या दिशेने गेले.

'तब्येत' घ्या. नागपुरात कुणीही विचारतं, "तब्येत कशी आहे जी?" अरबीत 'तबीआ' म्हणजे स्वभाव, किंवा निसर्ग. प्रकृतीला 'सिह्हा' म्हणतात. पेशंट बाईला तब्येतीवरून प्रश्न केला तर तुमचा स्वभाव कसा आहे असं विचारल्यासारखं होतं. 'तक्रार' त्याहून वाईट. आपल्याकडे पेशंटची तक्रार म्हणजे त्याला काय होतंय ते. अरबीत 'तकरार' म्हणजे पुन्हा तेच करणं. तपासणीच्या कागदावर तो शब्द दिसला तर कुणी नाराज नाही, तपासणी पुन्हा करायची आहे. हे दोन्ही शब्द वॉर्डात फिट बसतात, आणि वर मूळही खरं. त्यामुळे कुणी शंका घेत नाही.

उलट 'सदर' बघा. ज्या भागात ही खोली आहे त्याचं नावच अरबी 'सद्र'वरून. सद्र म्हणजे छाती. त्यावरून पुढचा भाग, मग मुख्य जागा, मग वाड्यातली सदर आणि छावणीतला सदर बाजार. नातं खरं आहे, अर्थ लांब गेलाय, आणि तरी धोका नाही, कारण छातीत कळ आलेला अरब माणूस नागपूरच्या एका भागाचं नाव घेतोय असं कुणाला वाटणार? तो 'सद्री' म्हणतो, माझी छाती. शेवटची 'ई' म्हणजे 'माझं'. बत्नी, माझं पोट. एवढी एक 'ई' शिकवली की निम्मी दुखणी कळायला लागतात, असा सिस्टरचा अनुभव आहे.

[दृश्य: दोन वह्या शेजारी-शेजारी. एकीत अक्षरांखाली टिंबं.]

निवेदन:
राहिला उच्चार. देवनागरीत लिहिलेली वही इथे घात करते. हृदयाला अरबीत 'क़ल्ब' म्हणतात आणि कुत्र्याला 'कल्ब'. पहिला क घशाच्या तळातून, पडजिभेपाशी निघतो, दुसरा आपला नेहमीचा. वहीत टिंब दिलं नाही तर दोन्ही एकच होतात. 'बत्न'मधला त बटणातल्या टसारखा जीभ मागे वळवून म्हणायचा नाही. जिभेचं टोक दातांमागेच ठेवायचं आणि मागचा भाग वर उचलायचा, म्हणजे पूर्ण शब्दच जाड ऐकू येतो. जो मराठी शब्द अर्थ आठवून देतो, तोच आपला उच्चारही सोबत चिकटवतो. म्हणून सिस्टरचा नियम आहे: चित्र फक्त ऐकताना वापरायचं. बोलायला शिकताना वही बंद, रेकॉर्डिंग चालू, आणि आधी कान.

जोडी पक्की झाली की नाही हे सिस्टर घड्याळावर बघतात. शब्द ऐकल्यावर दमडी आठवून मग रक्त सांगणाऱ्या मुलीला वेळ लागतो. दोन-तीन आठवड्यांच्या उजळणीनंतर दमडी आपोआप गळते आणि 'दम' ऐकताच हात रक्ताच्या नोंदीकडे जातो. ज्या शब्दाचं चित्र महिनाभरानेही मधे येतंय, तो पुन्हा यादीत वर चढतो.

आणि आता वहीत एक नवा रकाना आलाय, देशाचा. कारण सौदी आणि आखाताच्या बोलीत 'क़ल्ब' बहुधा 'गल्ब' होतो, तर त्याच वॉर्डात काम करणारा कैरोचा डॉक्टर पहिलं अक्षर गिळून 'अल्ब' म्हणतो. एका हृदयासाठी तीन आवाज. रियाधला जाणाऱ्या मुलीने आधी 'गल्ब' ऐकायचा, मग 'अल्ब', आणि पुस्तकातला 'क़ल्ब' शेवटी.