तोंड आले आहे, की औषध बाधले आहे?

खानापूर तालुक्यातील एका गावात भातलावणीच्या दिवसांत पन्नाशीच्या एका शेतकरी बाईंच्या गालात विजेचा झटका बसावा तशी कळ येऊ लागली. चेहऱ्याच्या नसेचे दुखणे म्हणून डॉक्टरांनी कार्बामॅझेपिन ही गोळी सुरू केली. ही एखाद्या विशिष्ट रुग्णाची नोंद नाही. स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम हा औषध बाधून होणारा आजार पायरीपायरीने कसा पुढे सरकतो हे दिसावे, एवढ्यासाठी रचलेले हे उदाहरण आहे.

चार दिवसांत कळ कमी झाली आणि गोळी लागू पडली म्हणून घरचे निर्धास्त झाले. तेराव्या दिवशी त्यांना ताप आला, घसा दुखू लागला आणि डोळे चुरचुरू लागले. पावसाळ्यात घरोघरी ताप असतो, त्यामुळे कोणालाच काही वेगळे वाटले नाही. पंधराव्या दिवशी ओठ सुजले, तोंडभर फोड आले आणि पाण्याचा घोटही गिळवेना. उष्णता झाली असेल, असे समजून सब्जा आणि गुलकंद देण्यात आला, दुकानातून बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आणल्या गेल्या. सोळाव्या दिवशी छातीवर जांभळट डाग उठले, त्यांतील काहींवर पाणी धरले, तेव्हा शेजारच्या एका आजींना त्या कांजिण्या वाटल्या. या चारही दिवसांत कळीची गोळी मात्र सकाळ-संध्याकाळ न चुकता घेतली जात होती, कारण जी गोळी दोन आठवडे गुण देत होती, ती आता अपाय करील, असे कोणाच्या मनातही आले नाही.

औषधाची घातक प्रतिक्रिया पहिल्याच गोळीला येते, ही समजूत येथे घात करते. या आजारात शरीराच्या संरक्षक पेशींना ते औषध ओळखून त्याविरुद्ध सज्ज व्हायला वेळ लागतो, म्हणून तो बहुधा औषध सुरू केल्यापासून चार ते अठ्ठावीस दिवसांत आणि काही वेळा दोन महिन्यांपर्यंतही उद्भवतो. सज्ज झालेल्या या पेशी स्वतःच्याच त्वचेवर आणि तोंड, घसा, डोळे, लघवीची जागा यांच्या नाजूक अस्तरावर हल्ला करतात. तेथील पेशी मरतात आणि वरचा थर खालच्या थरापासून सुटतो. बाहेरून जो फोड दिसतो तो म्हणजे सुटलेला हा थरच होय. न्यूयॉर्कमधील स्टीव्हन्स आणि जॉन्सन या डॉक्टरांनी 1922 मध्ये दोन मुलांमध्ये याचे वर्णन केले, म्हणून याला स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम म्हणतात.

नेहमीचे तोंड येणे आणि हा आजार यांत फरक करता येतो. नेहमीच्या तोंड येण्यात गालाच्या किंवा ओठाच्या आतल्या बाजूला एक-दोन लहान, गोल, पांढुरके व्रण असतात. ते झोंबतात, पण ताप नसतो आणि अंगावर काही उठत नाही. येथे मात्र ओठ संपूर्ण सोलवटतात, त्यांवर रक्ताची काळपट खपली धरते, तोंडातून लाळ गळते, डोळे लाल होऊन चिकटतात आणि लघवीच्या वेळी आग होते. संकोचामुळे हे शेवटचे लक्षण बायका सहसा सांगत नाहीत, म्हणून ते मुद्दाम विचारावे लागते. पित्ताच्या गांधी खाजतात आणि काही तासांत जागा बदलतात. हे डाग जागच्या जागी राहतात, मध्यभागी गडद होतात आणि खाजण्यापेक्षा दुखतात. नुसता हात लागला तरी त्वचा दुखणे आणि अंगावरून कपडा काढताना ती सरकणे, ही पुढे गेलेल्या आजाराची खूण आहे. ती घरी चोळून पाहू नये.

आमच्या उदाहरणातील बाईंना मुलाने तालुक्याच्या गावी नेले, तेव्हा तेथील डॉक्टरांनी ओठ आणि डोळे पाहताच एकच प्रश्न विचारला : “मावशी, गेल्या दोन महिन्यांत नवीन गोळी कुठली सुरू झाली, आणि पहिली गोळी कोणत्या तारखेला घेतली?” हा प्रश्न जितका लवकर विचारला जाईल तितके बरे, कारण अपाय करणारे औषध जितके लवकर थांबते, तितकी जीव वाचण्याची शक्यता वाढते. रुग्णाचा स्वतःचा तळहात, बोटांसह, म्हणजे अंगाच्या त्वचेचा सुमारे एक टक्का. असे दहा तळहात भरेल त्यापेक्षा कमी त्वचा सुटली असेल तर साधारणपणे दहातील एक रुग्ण दगावतो. तीसपेक्षा अधिक सुटली तर जवळजवळ तिघांतील एक. दहापासून तीसपर्यंतचे अंतर कधी कधी दोन-तीन दिवसांत कापले जाते.

म्हणूनच नवीन औषधानंतर ताप, तोंडात किंवा घशात फोड आणि अंगावर दुखरे डाग एकत्र दिसले, तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठावे. कार्बामॅझेपिन फिटसाठीही दिली जाते, म्हणून फिटसाठी गोळ्या घेणाऱ्यांनी विशेष जपावे. गोळी बंद करून घरी थांबल्यास फिट येऊ शकते, म्हणून पर्यायी औषधही रुग्णालयातच ठरवावे लागते. घरात उरलेली फेनिटॉइन किंवा फेनोबार्बिटोन ही गोळी बदली म्हणून देऊ नये, कारण ती कार्बामॅझेपिनच्याच जातीची असल्याने तीही तशीच बाधू शकते. गाऊटसाठी दिले जाणारे ॲलोप्युरिनॉल, फिटसाठी दिले जाणारे लॅमोट्रिजिन आणि कोट्रायमॉक्सॅझोलसारखी सल्फाची औषधे हीसुद्धा या आजाराच्या नेहमीच्या कारणांपैकी आहेत.

अतिदक्षता विभाग, त्वचारोगतज्ज्ञ आणि नेत्रतज्ज्ञ एकाच ठिकाणी असलेले रुग्णालय निवडावे. खानापूरहून त्यासाठी बेळगाव जवळ पडते, निपाणीकरांना कोल्हापूर. कर्नाटक-महाराष्ट्र सीमेच्या दोन्ही बाजूंना 108 क्रमांकाची रुग्णवाहिका मिळते. निघताना घरातील सर्व गोळ्यांची पाकिटे, काढे आणि चुर्णे एका पिशवीत घालून बरोबर न्यावीत.

तेथे या रुग्णाची काळजी भाजलेल्या रुग्णासारखी घेतली जाते. खोली उबदार ठेवतात, शिरेतून किंवा नळीने द्रव आणि अन्न देतात, न चिकटणारी पट्टी लावतात, वेदनाशामक देतात. डोळे रोज तपासतात, कारण पापणी आणि बुबुळ एकमेकांना चिकटली तर त्वचा भरून आल्यावरही दृष्टी कायमची अधू होऊ शकते. “डोळे नंतर बघू” असे कोणी म्हणाले, तर नातेवाइकांनी नेत्रतज्ज्ञांसाठी आग्रह धरावा.

बाई अठरा दिवसांनी घरी परतल्या. सोबत एक लहान कार्ड होते, त्यावर मराठीत आणि कन्नडमध्ये लिहिले होते : कार्बामॅझेपिन देऊ नये. औषधाचे मूळ नाव लिहिण्याचे कारण असे, की हीच गोळी बेळगावच्या दुकानात एका नावाने तर चंदगडच्या दुकानात दुसऱ्याच नावाने मिळू शकते, आणि पाकीट बदलले की औषधही बदलले असे वाटते. हा धोका काही अंशी आनुवंशिक असल्याने, बाईंच्या धाकट्या भावाने त्या कार्डाची एक प्रत आपल्या दवाखान्याच्या फाइलमध्ये लावून घेतली.