चारशे एकोणचाळीस

(दृश्य : पाटीवर पेन्सिल घासल्याचा आवाज. कॅमेरा हळूहळू पाटीजवळ येतो.)

बाईंनी संख्या सांगितली, चारशे एकोणचाळीस. पहिल्या रांगेतल्या मुलीनं क्षणभरही न थांबता पाटीवर लिहिलं, 441. लिहून झाल्यावर पाटी छातीशी धरली, शेजारच्याला दिसू नये म्हणून. उत्तर बरोबर असल्याची तिची खात्री आहे.

आपण सांगली जिल्ह्यात आहोत, जत तालुक्यात. इथून पूर्वेला थोडं गेलं की कर्नाटक लागतं. जिल्हा परिषदेची शाळा, तिसरीचा वर्ग. फळ्यावर तीन घरांचा तक्ता आखलाय आणि वर श, द, ए अशी अक्षरं आहेत. शतक, दशक, एकक. आज शिकायचंय ते संख्येचं विस्तारित रूप, म्हणजे संख्या उकलून दाखवायची. 439 मध्ये 400 किती, 30 किती, 9 किती ते सुटं करून लिहायचं.

सोपं वाटतं ना? आम्हालाही वाटलं होतं. मग बाईंनी सगळ्यांना पाट्या वर करायला लावल्या.

(दृश्य : पाट्यांची रांग.)

441. दोन जणांकडे 40039. एकाकडे 493. बाकीच्यांचं बरोबर. बाई कुणालाच चूक म्हणाल्या नाहीत. चुकलेल्या पाट्या त्यांनी भिंतीला टेकवून एका ओळीत ठेवल्या. त्यांच्या दृष्टीनं आजचा धडा तिथंच होता, कारण यातली एकही चूक आळसातून आलेली नाही. मुलांनी जे ऐकलं तेच इमानानं लिहिलंय.

441 बघा. एकोणचाळीस या शब्दात कानाला काय लागतं? एक आणि चाळीस. नऊचा मागमूस नाही. मग मुलगी एक आणि चाळीस लिहिणार, एक्केचाळीस होणार. या ‘एकोण’मधलं ‘ऊन’ म्हणजे कमी. वजाबाकीत आपण ‘उणे’ म्हणतो तो त्याचाच भाऊ. चाळिसाला एक उणे, ते एकोणचाळीस. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत अशा आठ संख्या आहेत, आणि आठही जणी आपला नऊ लपवून ठेवतात. नव्व्याण्णव तेवढी सरळ, ती नऊ उघड सांगते.

40039 लिहिणाऱ्यांनी आधी चारशे लिहिले, अख्खे, दोन शून्यांसकट. मग त्याला एकोणचाळीस चिकटवले. एकोणचाळीस त्यांना नीट येतात, हे विसरू नका. अडचण वेगळीच आहे. चारशे एकदा लिहिले की ते दोन शून्य पुढच्या पाहुण्यांसाठी राखून ठेवलेली जागा आहे, हे अजून त्यांना दिसलेलं नाही.

आणि 493? त्या मुलाला बाईंनी विचारलं, “नऊ आधी का रे लिहिलास?”

तो म्हणाला, “छत्तीसमध्ये सहा आधी म्हनत्यात, तसं.”

बाई हसल्या. पोरानं नेम बरोबर धरला होता, लागला चुकीच्या जागी. मराठीत छत्तीस म्हणताना सहा आधी येतो, तीस नंतर. पंचवीस, सत्तेचाळीस, अडुसष्ट, सगळीकडे एकक पुढं आणि दशक मागं. लिहिताना मात्र दशक डावीकडे, एकक उजवीकडे. जीभ एकीकडून चालते आणि हात दुसरीकडून. त्यात शतकाचं तिसरंच : ‘चारशे’ आपण आधी म्हणतो आणि आधीच लिहितो. म्हणजे चारशे छत्तीस म्हणताना तोंडात क्रम येतो शतक, एकक, दशक. मोठ्यांना हे कधी जाणवत नाही, कारण आपण आता अर्थ लावत बसत नाही, पाठच झालंय.

(दृश्य : वर्गाची फरशी. खडूनं आखलेली तीन मोठी घरं.)

बाईंनी कपाटातून पिशवी काढली. आत खराट्याच्या काड्या, सारख्या लांबीच्या तोडलेल्या. आधीच्या दोन दिवसांत पोरांनीच त्या बांधल्यात. दहा काड्यांना एक रबर, तो गठ्ठा. असे दहा गठ्ठे सुतळीनं आवळले की मोळी. ‘मोळी’ हे नाव पोरांचंच.

फरशीवरच्या श खाली चार मोळ्या आल्या. द खाली तीन गठ्ठे. ए खाली सुट्ट्या नऊ काड्या. 441 लिहिणाऱ्या मुलीलाच मोजायला बोलावलं. मोळीला हात लावून ती म्हणते, “शंभर, दोनशे, तीनशे, चारशे.” गठ्ठ्यांवर आल्यावर, “दहा, वीस, तीस.” सुट्ट्या काड्या एकेक बोटानं सरकवते. नऊ. मग थांबते.

बाई तिच्या हातात आणखी एक काडी ठेवतात. “आता?”

“धा झाल्या. गठ्ठा हुतो.” ती रबर लावते, गठ्ठा द च्या घरात सरकवते. तिथं आता चार गठ्ठे आणि ए चं घर रिकामं. “चारशे चाळीस.”

“आणि ती काडी काढून घेतली तर?”

इथं ती लगेच बोलली नाही. रबर सोडला, गठ्ठा पुन्हा सुटा झाला, एक काडी बाईंना परत दिली. मग पाटी घेऊन 441 पुसलं. चाळिसाला एक उणे म्हणजे काय, हे तिनं आत्ता हातानं केलं होतं.

मधेच एक घोळ झाला. दुसऱ्या गटाची बेरीज जुळेना. सगळे गठ्ठे सुटे करून पाहिले तेव्हा कळलं, एका गठ्ठ्यात नऊच काड्या होत्या, एक निसटून पडलेली. बाईंना उलट बरं वाटलं. फळ्यावरच्या तक्त्यात दशकाच्या घरातला 3 म्हणजे तीन दहा, असं आपण गृहीत धरतो. तो दहा नेमका दहाचाच असावा लागतो, ही गोष्ट त्या ढिल्या रबरानं सांगितली.

आता फळ्यावर लिहिलं गेलं :

439 = 400 + 30 + 9

चार मोळ्या, तीन गठ्ठे, नऊ सुट्ट्या. मुलं प्रत्येक पदाकडे बोट दाखवून त्याच्या काड्या दाखवतात. तीनाची दर्शनी किंमत तीनच, पण तो बसलाय दशकाच्या घरात, म्हणून त्याची स्थानिक किंमत 30.

(दृश्य : खिडकीपाशी बसलेला मुलगा.)

या मुलाच्या घरी कन्नड बोलतात. या भागात ते नेहमीचंच. बाईंनी त्याला विचारलं, “तुमच्या घरी एकोणचाळीस कसं म्हणतात रे?”

“मूवत्तोंबत्तु.”

मूवत्तु म्हणजे तीस, ओंबत्तु म्हणजे नऊ. तीस, नऊ. छत्तीसला मूवत्तारु : तीस, सहा. जसं लिहायचं तसंच म्हणायचं. वर्गातली मराठी घरची मुलं त्याच्याकडे बघत राहिली. ज्याला शाळेत मराठी आकडे जड जातात म्हणून सगळे ओळखतात, त्याच्या घरची भाषा तक्त्याच्या बाजूनं निघाली.

काहींना इथं 2019 सालचा वाद आठवेल. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस, बावीसच्या जोडीनं ‘वीस एक’, ‘वीस दोन’ असं वाचन आलं आणि राज्यभर टीका झाली, विनोद झाले. भाषेचं काय होणार, ही काळजी समजण्यासारखी होती. पण या वर्गात बसून पाहिल्यावर वाटतं, ‘तीस नऊ’ हे निदान फरशीवरच्या काड्यांशी जुळतं. बाई दोन्ही वापरतात. आधी ‘चारशे, तीस, नऊ’ असं उकलून वाचतात, मग म्हणतात, “आणि याचं घरचं नाव काय?” मुलं ओरडतात, “चारशे एकोणचाळीस!”

(दृश्य : पुठ्ठ्याची कार्डं. तीन रुंदीची.)

40039 वाल्यांसाठी काड्या पुरत नाहीत. त्यांना काड्या बरोबर मांडता येतात, लिहिताना मात्र पुन्हा चारशे अख्खेच उतरतात. त्यांच्यासाठी ही कार्डं. शतकाचं कार्ड तीन अंकांएवढं रुंद : 400. दशकाचं दोन अंकांएवढं : 30. एककाचं एका अंकाचं : 9. तिन्ही उजवी कड जुळवून एकावर एक ठेवायची. 30 चं कार्ड 400 च्या दोन शून्यांवर बसतं. 9 चं कार्ड 30 च्या शून्यावर. वरून दिसतं 439. कार्डं बाजूला सरकवली की खालचे शून्य पुन्हा बाहेर येतात. विस्तारित रूप आणि संख्या, एकाच वस्तूच्या दोन स्थिती.

मग बाईंनी मुद्दाम 407 दिली. 400 चं कार्ड, त्यावर 7. मधला शून्य उघडाच राहिला. “तो झाकायचा राह्यला,” एक जण म्हणाला. बाईंनी फरशीकडे बोट केलं : द च्या घरात गठ्ठा आहे का? नाही. मग झाकणार कशानं? विस्तारित रूप कुणी 400 + 7 लिहिलं, कुणी 400 + 0 + 7. दोन्हीची किंमत एकच. बाई सुरुवातीला दुसरं लिहून घेतात, रिकामं घर विसरू नये म्हणून. शून्य विसरलं तर 407 चे 47 होतात, आणि फरशीवरच्या चार मोळ्यांचे चार गठ्ठे झाल्यासारखं होतं.

जेवायच्या सुट्टीत एका मुलानं आम्हाला बाजारातलं कोडं घातलं. त्याचे आजोबा म्हणाले, कोंबडा पावणेचारशेला गेला. तक्त्यात कसं मांडायचं? ‘चारशे’ ऐकू येतं, पण पंचवीस कमी. तीन मोळ्या, सात गठ्ठे, पाच काड्या. 300 + 70 + 5. एकोणचाळीसचीच ही खोड, फक्त मोठ्या आकड्यात. त्यानं हे काड्यांशिवाय सांगितलं, कोंबड्याच्या पैशांवर.

(दृश्य : दुपार. फळा पुसलेला.)

शेवटची परीक्षा बाईंची नेहमीची. कितीतरी मुलं तक्ता न समजताही विस्तारित रूप बरोबर लिहितात. पहिल्या अंकामागे दोन शून्य, दुसऱ्यामागे एक, तिसऱ्याला काही नाही. चाल लक्षात राहिली की झालं. ते ओळखायचं कसं? क्रम मोडून द्यायचा. बाईंनी फळ्यावर लिहिलं :

7 + 60 + 500 = ?

पाट्या वर झाल्या. बऱ्याच पाट्यांवर 567. सकाळच्या त्या मुलीचीही तीच. एका पाटीवर 760500, सगळं दिसलं तसं ओळीनं. एकावर 765, फक्त पुढचे अंक उचललेले. ती पाटी सकाळी 493 लिहिणाऱ्याची.

बाई त्याच्याजवळ जाऊन बसल्या. त्यानं पाटी खाली ठेवली आणि कार्डांच्या पेटीत हात घातला. 7 सापडलं. मग 60. त्यानं 60 खाली ठेवून 7 वर ठेवलं, उजवी कड जुळवली. सदुसष्ट. आता पेटीत तो सगळ्यात रुंद कार्ड शोधतोय.